घर, बी.एड., काशी आणि लडाख : चार इच्छांचा क्रम लावताना

मार्च 2022 मध्ये आमच्याकडे 8 लाख 90 हजार रुपये शिल्लक होते आणि इच्छा चार होत्या. पिंपरी-चिंचवडमध्ये स्वतःचं दोन बेडरूमचं घर, माझं बी.एड., सासू-सासऱ्यांना काशी-प्रयाग-अयोध्या दाखवणं आणि नवऱ्याचं मोटारसायकलवरून लडाख. ऑक्टोबर 2025 मध्ये घराची नोंदणी झाली. मधल्या साडेतीन वर्षांत काय आधी, काय नंतर, हे कसं ठरवलं आणि ते निभावताना काय काय आडवं आलं, ते सविस्तर लिहिते आहे. आमच्यासारखी मिळकत असणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा, एवढाच हेतू. आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे असतील, पण हिशेबाची पद्धत घेता येईल.

तेव्हाची परिस्थिती अशी. नवरा चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, हातात 51 हजार. मी एमएस्सी गणित, एका खासगी शाळेत कंत्राटी शिक्षिका, 19 हजार. मोशीत भाड्याचं घर, भाडं साडेचौदा हजार. सांगोल्याकडे गावी सासू-सासऱ्यांना, म्हणजे आई-अण्णांना, दरमहा सहा हजार, बाईकचा हप्ता साडेतीन हजार, किराणा, वीज, पेट्रोल, मुलीची बालवाडी असं सगळं धरून खर्च 48 हजारांच्या आसपास. म्हणजे महिन्याला साधारण 22 हजार उरायचे, तेही कुणी आजारी पडलं नाही तर.

क्रम लावायची वेळ आली ती घरामुळे. 1 एप्रिल 2022 पासून पुण्यात मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार लागणार होता, म्हणजे सहाचे सात टक्के होणार होते. मार्चभर साइटवरची मुलं फोन करत होती की 31 तारखेच्या आत ॲग्रीमेंट करा, पन्नास हजार वाचतील. गृहकर्जाचे दरही तेव्हा पावणेसात-सात टक्क्यांवर होते. ऑफिसातले, नात्यातले सगळे एकच सांगत होते, आत्ता घेतलं नाहीत तर कधीच घेणार नाही. त्या दिवसांत माझी झोप उडाली होती. पन्नास हजार वाचवण्यासाठी पन्नास लाखांचा निर्णय पंधरा दिवसांत घ्यायचा, हे मनाला पटत नव्हतं, पण आपण मागे राहू ही भीतीही खरी होती.

शेवटी एका रविवारी मुलगी झोपल्यावर आम्ही दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर चारही गोष्टींना एक ते चार नंबर दिले, एकमेकांना न दाखवता. नवऱ्याचा क्रम होता घर, लडाख, बी.एड., काशी. माझा बी.एड., घर, काशी, लडाख. कागद समोरासमोर ठेवल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. पहिल्या नंबरवरच एकमत नव्हतं आणि काशी दोघांच्याही वरच्या दोन जागांत नव्हती, जिच्याबद्दल आम्ही दर दिवाळीला अण्णांना शब्द देत होतो. हा प्रयोग जोडप्यांनी जरूर करावा. बोलून ठरवायला गेलं की जो आधी बोलतो त्याच्याभोवती चर्चा फिरते. कागदावर दोघांचं खरं मत येतं.

मग एका वहीत चार रकाने पाडले. पहिला, पूर्ण खर्च. दुसरा, पैसे कोणत्या महिन्यात लागतील. तिसरा, एक वर्ष थांबलो तर काय होईल. चौथा, थोडक्यात करता येतं का, की केलं तर पूर्णच करावं लागतं. सगळा निकाल शेवटी तिसऱ्या रकान्याने लावला, पण सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागली, कारण चारपैकी दोन गोष्टींचा खरा खर्च आम्हाला माहीतच नव्हता.

घराचं उदाहरण घ्या. फ्लॅटची किंमत 48 लाख सांगत होते, बांधकाम चालू असलेला प्रकल्प. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे 2 लाख 40 हजार. एप्रिलनंतर सात टक्के मुद्रांक शुल्क, 3 लाख 36 हजार. नोंदणी फी 30 हजार. झाले 54 लाखांच्या वर. बँक किमतीच्या 80 टक्के देते, असं आम्ही ऐकून होतो आणि ते बरोबरही आहे. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादाच 80 टक्क्यांची आहे. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, आणि आमच्या बँकेने जीएसटीही बाहेर ठेवला. म्हणजे कर्ज फार तर 38 लाख 40 हजार आणि बाकी 15 लाख 66 हजार खिशातून. आमच्याकडे होते 8 लाख 90 हजार.

तरी नवऱ्याचं म्हणणं होतं, सहा-सात लाख कुठून तरी उभे करू, थोडं सोनं मोडू, थोडं वैयक्तिक कर्ज घेऊ. त्याला उडवून लावणं बरोबर नव्हतं. घराच्या किमती पगारापेक्षा वेगाने पळतात ही त्याची भीती अनुभवातून आलेली होती, त्याच्या मोठ्या भावाने दहा वर्षं वाट पाहिली आणि अजून भाड्याने राहतो. म्हणून पुढची पायरी म्हणून बँकेत जाऊन पात्रता काढायची ठरली.

एप्रिलमध्ये एका सरकारी बँकेच्या शाखेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे कागद बघितले आणि पहिला प्रश्न मला विचारला, "मॅडम, तुमचा फॉर्म सोळा?" माझ्याकडे नव्हता. माझ्या पगाराचा काही भाग रोख मिळायचा, पगारपत्रक मिळायचं नाही, पीएफ कापला जायचा नाही. त्यामुळे माझे 19 हजार बँकेच्या हिशेबात शून्य होते. नवऱ्याच्या 51 हजारांच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून बसले पाहिजेत, असा त्यांचा ठोकताळा होता. निम्मे म्हणजे साडेपंचवीस, त्यातून बाईकचे साडेतीन गेले, उरले 22 हजार. त्या वेळच्या 6.9 टक्के दराने वीस वर्षांसाठी 22 हजार हप्त्यात साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास कर्ज बसतं. म्हणजे 54 लाखांच्या घरासाठी खिशातून पंधरा नाही, पंचवीस लाख लागणार होते.

त्या दिवशी बँकेतून बाहेर पडताना मला वाईट वाटलं, आणि मन हलकंही झालं. घर पहिलं घ्यायचं की नाही, हा प्रश्नच उरला नव्हता. ते घर आम्हाला तेव्हा मिळणार नव्हतं. माझं सांगणं असं की इच्छांचा क्रम लावायच्या आधी बँकेत जाऊन पात्रता काढून घ्या. फुकट होतं, कर्जाचा अर्ज न करता चौकशी करता येते, आणि घरी महिनोन्महिने चालणारा वाद एका दुपारी मिटू शकतो.

याच भेटीने बी.एड.कडे बघायची नजर बदलली. तोवर माझा मुद्दा एवढाच होता की बी.एड. झालं की पगार वाढेल. आता दिसलं की बी.एड. झालं तर मी नियमित वेतनावर लागू शकते, पगारपत्रक, पीएफ, फॉर्म सोळा मिळू शकतो, आणि माझी मिळकत कर्जात धरली जाऊ शकते. घराचा रस्ता माझ्या कोर्समधून जात होता. हे नवऱ्याला मी समजावून सांगावं लागलं नाही, रिक्षात बसल्यावर तोच म्हणाला, "मग आधी तुझं उरकू."

पण बी.एड.चा पूर्ण खर्च काढला तेव्हा तोही छोटा नव्हता. कॉलेजची फी वर्षाला 58 हजारांच्या घरात, दोन वर्षांची 1 लाख 16 हजार. पुस्तकं, पाठ घेण्याचं साहित्य, इंटर्नशिपच्या शाळेत जाण्या-येण्याचा खर्च मिळून 30 हजार धरले. सगळ्यात मोठा आकडा मात्र फीच्या पावतीवर कुठेच नसतो. बी.एड. पूर्णवेळ आहे. वर्गाला 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते, आणि इंटर्नशिपच वीस आठवड्यांची असते. नोकरी सोडावी लागणार. 19 हजार गुणिले 24, म्हणजे 4 लाख 56 हजारांची मिळकत बुडणार. संध्याकाळी शिकवण्या घेऊन त्यातले दीड लाख भरून काढता येतील, असा अंदाज होता. म्हणजे कोर्सची खरी किंमत साडेचार लाखांच्या आसपास. शैक्षणिक कर्जाची चौकशी केली, ते फीसाठी मिळालं असतं. पण आमची अडचण फी नव्हती, बुडणारा पगार होता, आणि त्यासाठी कुठली बँक कर्ज देत नाही. ती तजवीज स्वतःच करावी लागते.

काही जणींनी सुचवलं की अमुक ठिकाणी प्रवेश घे, हजेरीचं ते बघतात, नोकरी सुटणार नाही. मी तो विचार केला नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत वर्गात पाठ घेऊन दाखवावा लागतो, तिथे ते उघडं पडतं. शिवाय मला खरंच शिकायचं होतं.

आता तिसरा रकाना. वर्षभर थांबलो तर काय होईल?

घर : किंमत वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली असं धरलं तर तीन वर्षांत 48 चे 57 लाख. रुपयांत सगळ्यात मोठा तोटा याचाच. पण थांबून घर नाहीसं होत नाही. दुसऱ्या प्रकल्पात, जुन्या सोसायटीत, थोडं लांब, असे पर्याय राहतात.

बी.एड. : दर वर्षी थांबलं की वाढीव पगाराचं एक वर्ष जातं. मी एकतीस वर्षांची होते. मुलगी पहिलीत जायच्या आधी हे उरकलं तर सकाळचं वेळापत्रक जमणार होतं, नंतर अवघड.

लडाख : काही होणार नाही. रस्ता तिथेच आहे, नवरा तेहतिशीचा आहे. हे त्यानेच लिहिलं आणि लडाखसमोर चौथा नंबर टाकला. ते लिहिताना त्याचा चेहरा मी बघितला, म्हणून पुढे काय केलं ते शेवटी सांगते.

काशी : इथे आम्ही थांबलो. अण्णांचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते. जानेवारीत पंढरपूरला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की झीज वाढते आहे, आज ना उद्या ऑपरेशन करावं लागेल. घाटाच्या पायऱ्या, स्टेशनवरचे जिने, दर्शनाच्या रांगा, हे त्यांना आणखी किती दिवस जमेल, कुणी सांगू शकत नव्हतं. फोनवर विचारलं तर आई म्हणाल्या, "आधी घर बघा तुमचं, काशी काय पळून चाललीय का?" काशी कुठे जाणार नव्हती, पण अण्णांच्या पायातली ताकद चालली होती. चारही गोष्टींत एकटी हीच अशी होती, जी थांबली तर महाग होणार नव्हती, कायमची संपणार होती. आणि खर्च सगळ्यात कमी, चौघांचा मिळून पन्नास हजारांच्या आत.

असा क्रम उलटाच झाला. काशी, बी.एड., घर, लडाख. आमच्या दोघांच्या कागदांपैकी एकाशीही तो जुळत नव्हता.

या चारांच्याही आधी अडीच लाख वेगळे काढले, म्हणजे साधारण पाच महिन्यांचा खर्च. नोकरी सोडल्यावर घरात एकच पगार राहणार होता, त्यामुळे हे पैसे कुठल्याच इच्छेचे नाहीत असं ठरवून वेगळ्या बँकेत मुदत ठेवीत टाकले. ठेव एक मोठी न करता पन्नास-पन्नास हजारांच्या पाच केल्या, म्हणजे गरज लागली तर एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज बुडत नाही.

एक पर्याय आम्ही विचारपूर्वक सोडला. पुष्कळ जण सांगतात की दरमहा उरलेल्या पैशांचे वाटे करा, थोडं सगळीकडे टाका. 22 हजारांचे चार वाटे केले असते तर काशी नऊ महिन्यांनी, बी.एड. कधीतरी आणि घर दहा-बारा वर्षांनी झालं असतं. कमी मिळकतीत एका वेळी एकच गोष्ट पुढे नेणं मला जास्त योग्य वाटतं, निदान ती पुढची गोष्ट सोपी करणारी असेल तर.

काशीसाठी मेपासून दहा हजारांची रिकरिंग सुरू केली. तेव्हा रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, म्हणून जूनमध्ये दसऱ्यानंतरची तिकिटं काढली. (नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 60 दिवसांची झाली आहे, त्याप्रमाणे आखणी करा.) ज्येष्ठ नागरिकांची तिकीट सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती परत सुरू झालेली नाही, त्यामुळे आई-अण्णांचंही पूर्ण तिकीट. अर्ज भरताना दोघांसाठी खालच्या बर्थची निवड करा, उपलब्ध असेल तर तेवढं मात्र मिळतं. सगळा खर्च 47 हजार झाला. मुलीला माझ्या आईकडे ठेवलं होतं. दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या अण्णा नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक करत उतरले, दर चार-पाच पायऱ्यांनी थांबत. चढताना वेळ लागला, पण ते चढले. पुढच्या वर्षी ते आमच्या मोशीच्या घराचा एक मजलाही धड चढू शकत नव्हते.

बी.एड.ची तयारी याच काळात चालू होती. त्या वर्षी सगळं वेळापत्रक करोनामुळे पुढे सरकलेलं, सीईटी ऑगस्टमध्ये झाली. शंभर प्रश्न, दीड तास. अवघड नाही, पण वेळ पुरत नाही, म्हणून घड्याळ लावून सराव करा. इंग्रजी माध्यमाला जायचं असेल तर सोबत ईएलसीटी या इंग्रजीच्या परीक्षेचाही अर्ज भरावा लागतो, तो राहून जातो अनेकींचा. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या लांबत गेल्या. काशीच्या तारखा आणि कॉलेजात हजर होण्याची तारीख एकमेकींवर येते की काय, ही धाकधूक सप्टेंबरभर होती. ती आली नाही. प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच घ्या, संस्थेच्या कोट्यातून नको. फीमधल्या सरकारी सवलतींसाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा तर केंद्रीभूत फेरीतला प्रवेश लागतो.

डिसेंबर 2022 मध्ये मी शाळेची नोकरी सोडली. पुढची दोन वर्षं सोपी नव्हती. दरमहा बचत 22 हजारांवरून चार-पाच हजारांवर आली, काही महिने तीही नाही. फीच्या रकमा आधीच तेवढ्या मुदतीच्या ठेवींत ठेवल्या होत्या, हप्त्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी पैसे खात्यात यायचे, त्यामुळे फीची चिंता कधी करावी लागली नाही. संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. ऑगस्ट 2023 मध्ये माझ्या सासूबाईंना डेंग्यूने सोलापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं, सत्तर हजार गेले. त्या पाच ठेवींपैकी दोन मोडल्या. फीच्या ठेवीला हात लावावा लागला नाही आणि कुणाकडे मागायची वेळ आली नाही.

या काळात मनाला सगळ्यात जास्त टोचायच्या त्या घरांच्या किमती. ज्या प्रकल्पातला 48 लाखांचा फ्लॅट आम्ही सोडला होता, तिथे 2024 मध्ये 57-58 लाख सांगत होते. अंदाज खरा ठरला होता, पण खरा ठरला म्हणून त्रास कमी झाला नाही. दुसऱ्या बाजूला, रिझर्व्ह बँकेने मे 2022 पासून रेपो दर, ज्याच्या मागे गृहकर्जाचे दर हलतात, 4 टक्क्यांवरून फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहावर नेला होता. 6.9 टक्क्यांनी घेतलेलं कर्ज नवऱ्याच्या मित्राला नऊच्या पुढे गेलं. 40 लाखांवर वीस वर्षांचा हप्ता 6.9 ला साधारण 30,800 बसतो आणि 9 ला 36 हजार. बँका बहुतेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, त्यामुळे लोकांना लगेच कळत नाही. आम्ही ओढाताण करून घर घेतलं असतं आणि एकच पगार असता, तर तो वाढीव भार आमच्याने पेलला नसता. म्हणून हप्त्याचा विचार करताना आजच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त धरून बघा, त्यातही घर चालतं का.

बी.एड. ऑक्टोबर 2024 मध्ये संपलं. शाळा भरती मार्च ते जूनमध्ये करतात, त्यामुळे वेळ चुकीची होती. नोव्हेंबरमध्ये एका सीबीएसई शाळेत प्रसूतिरजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी लागले आणि जून 2025 पासून त्याच शाळेत नियमित झाले. 32 हजार पगार, पगारपत्रक, पीएफ. नवऱ्याचा पगार तोवर 64 हजार झाला होता. नोव्हेंबरपासून दरमहा 38 हजारांच्या आसपास बाजूला पडू लागले.

जूनमध्ये रेपो दर साडेपाचवर आला आणि आम्ही पुन्हा घरं बघायला लागलो. या वेळी नवीन प्रकल्प आधीच वगळले. बांधकाम चालू असलेल्या घरात भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरावा लागतो, शिवाय पाच टक्के जीएसटी. तयार, जुन्या घराला जीएसटी नाही. मोशीतच नऊ वर्षांच्या सोसायटीतला फ्लॅट 51 लाखांत ठरला.

इथल्या काही गोष्टी आधी माहीत असाव्यात अशा आहेत. बँक स्वतःचं मूल्यांकन करते आणि 80 टक्के त्यावर किंवा खरेदी किमतीवर, जे कमी असेल त्यावर देते. आमचं मूल्यांकन साडेएकोणपन्नास लाख आलं, कर्ज 40 लाख 80 हजारांऐवजी 39 लाख 60 हजार मिळालं. खिशातून जास्तीचे 1 लाख 20 हजार घालावे लागले. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशांतून एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो, पूर्ण रकमेवर. आमचे 51 हजार. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, हे आधीच बघा, नसेल तर 20 टक्के कापावे लागतात आणि व्यवहार अडतो.

घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. महाराष्ट्रात निवासी घर फक्त स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, नवऱ्याचं नाव सोबत लावलं की ती जाते. सातऐवजी सहा टक्के, 51 हजार वाचले. नवरा सहकर्जदार आहे, मालक नाही, त्यामुळे त्याला हप्त्यावर करसवलत नाही. पण त्याचं उत्पन्न नव्या करप्रणालीत 12 लाखांच्या आत आहे, त्याला करच लागत नाही, तर सवलत कशावर घेणार? ज्यांना जुन्या प्रणालीत मोठा कर भरावा लागतो, त्यांनी हा हिशेब वेगळा मांडावा.

नवऱ्याच्या पीएफमधून 3 लाख 20 हजारांची आगाऊ रक्कम घेतली. घर पत्नीच्या नावे असलं तरी मिळते. मात्र आधार आणि पीएफमधल्या त्याच्या नावात एका अक्षराचा फरक होता, तो दुरुस्त करायला कंपनीमार्फत संयुक्त घोषणापत्र भरावं लागलं आणि त्यात दीड महिना गेला. ज्यांना पुढे दोन-तीन वर्षांत घर घ्यायचं आहे, त्यांनी हे आत्ताच तपासून ठेवावं.

किंमत, मुद्रांक शुल्क, नोंदणी मिळून 54 लाख 36 हजार. दलाली, बँकेचा कायदेशीर शोध, प्रक्रिया शुल्क धरून आमच्या खिशातून साडेपंधरा लाख गेले. 7.9 टक्के दराने हप्ता 32,900 आहे. तो मुद्दाम असा ठेवला की माझा पगार थांबला तरी नवऱ्याच्या एकट्याच्या पगारातून हप्ता आणि किराणा निघेल. दर दोन टक्क्यांनी वाढवून बघितला, ओढाताण होते, पण घर चालतं.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळी गेलो ते दुपारी तीनला बाहेर आलो. सर्व्हर बंद होता. अंगठे, फोटो, दोन साक्षीदार. मूळ करारनामा हातात आला आणि बँकेकडे गेला, इंडेक्स दोनची प्रत मात्र आमच्याकडे आहे, मी ती कपाटात ठेवली आहे.

आपत्कालीन ठेवी पुन्हा अडीच लाखांवर आणायच्या आहेत, सोसायटीने लिफ्टच्या कामासाठी माणशी वर्गणी मागितली आहे, मुलगी पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाईल. तरी नोव्हेंबरपासून नवऱ्याच्या नावावर चार हजारांची रिकरिंग सुरू केली आहे, दोन वर्षांची. मुदत संपेल तेव्हा व्याजासकट लाखाच्या वर रक्कम येईल. त्याने मनालीमार्गे जायचं की श्रीनगरमार्गे, यावर माहिती गोळा करायला सुरुवात केली आहे. कर्ज आधी फेडावं असं त्याने एकदा सुचवलं. मी वही काढून तिसरा रकाना त्याच्यापुढे ठेवला आणि लडाखसमोर "काही होणार नाही" खोडून "पस्तिशी उलटली" असं लिहिलं. रिकरिंगची तारीख दर महिन्याची पाच आहे, हप्त्याच्या दुसऱ्या दिवशी.